गोल खांबाचा हिशेब: काँक्रीट सोपं, कडं अवघड

बंगल्याच्या पोर्चला, मंगल कार्यालयाच्या दर्शनी बाजूला किंवा शाळेच्या व्हरांड्यात शेजारी शेजारी दोन गोल खांब उभे आहेत अशी कल्पना करा. रंग लागल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. दोन्हींत काँक्रीट तेवढंच आहे आणि उभ्या सळयाही तेवढ्याच. फरक आहे तो त्या सळयांना बाहेरून कवळणाऱ्या लोखंडात. एका खांबात सुट्या गोल रिंगा आहेत, तर दुसऱ्यात एकच सळई वेटोळी घेत तळापासून माथ्यापर्यंत गेली आहे. तिला साइटवर सगळे ‘स्पायरल’च म्हणतात. या वेटोळ्याचं वजन रिंगांच्या दुपटीहून अधिक भरतं, आणि बिल हातात आल्यावर घरमालक विचारतो, की एवढं लोखंड गेलं कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका खांबाचा हिशेब शेवटपर्यंत केल्याशिवाय मिळत नाही, म्हणून तो करूनच पाहू.

खांबाचा व्यास ४५० मिमी. खालच्या स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या बीमच्या तळापर्यंत उंची ३ मीटर. काँक्रीट एम २५. उभ्या सळया १६ एमएमच्या आठ, म्हणजे जुन्या फिटरच्या भाषेत पाच सुती. रिंगा किंवा स्पायरल ८ एमएमची, अडीच सुती. लोखंड एफई ५०० प्रतीचं. रिंगेच्या बाहेर ४० मिमी कव्हर.

काँक्रीटचा भाग चटकन संपतो. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ केलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ मिळतं. ०.४५ मीटरसाठी ते ०.१५९ चौरस मीटर येतं. त्याला ३ ने गुणलं की ०.४७७ घनमीटर. असे दहा खांब असतील तर ४.७७ घनमीटर, आणि सांडलवंड धरून रेडी-मिक्सवाल्याला ५ घनमीटर सांगावेत. आतल्या लोखंडाने अडवलेली जागा वजा करायची नसते. मोजमापाची पद्धतच तशी आहे, आणि ती जागा आहेही जेमतेम एक-दोन टक्के. एवढ्या सोप्या हिशेबातही दोन चुका मात्र नेहमी होतात. कुणी व्यासालाच त्रिज्या समजून सूत्रात घालतो आणि उत्तर चौपट येतं. ही चूक लगेच उघडी पडते. दुसरी चूक चोरपावलांनी येते. ४५० बाय ४५० असा चौकोनी खांब धरून बिल केलं, तर काँक्रीट ०.६०८ घनमीटर भरतं, म्हणजे सत्तावीस टक्के जास्त. हे तपासायला काहीच अवघड नाही. उघड्या खांबाभोवती टेप गुंडाळा; घेर १.४१ मीटरच्या आसपास यायला हवा. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास हातात येतो. प्लॅस्टर झालं असेल, तर त्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करायची.

आता उभ्या सळया. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे गोल खांबात किमान सहा सळया लागतात आणि त्यांचं क्षेत्रफळ खांबाच्या छेदाच्या किमान ०.८ टक्के असावं लागतं. आपल्या खांबात १६ एमएमच्या सहा सळया घेतल्या, तर ०.७६ टक्केच भरतात. म्हणजे आकडा सहाचा पाळूनही खांब नियमात बसत नाही. आठ घेतल्या की १.०१ टक्के होतं. लांबीत मात्र खांबाची उंची धरून भागत नाही. सळई बीममधून आरपार वर जाते आणि पुढच्या मजल्याच्या सळईला लॅप द्यायला आणखी वर उरते. ३ मीटर खांब, ४५० मिमी बीम आणि पन्नास पट व्यासाचा म्हणजे ८०० मिमीचा लॅप मिळून सळई ४.२५ मीटरची होते. सळईचं मीटरमागे वजन काढायला मिमीतल्या व्यासाचा वर्ग १६२ ने भागतात. हा १६२ म्हणजे पोलादाच्या ७,८५० किलो घनतेतूनच निघालेला आकडा. १६ एमएमला तो मीटरमागे १.५८ किलो देतो. आठ सळया, ४.२५ मीटर, १.५८ किलो: एकूण ५३.७ किलो. पुढे रिंगा घ्या की स्पायरल, हा आकडा हलत नाही.

रिंगेत पहिला गोंधळ होतो तो व्यासाचा. खांब ४५० चा, म्हणून रिंग ४५० ची नसते. दोन्ही बाजूंचं ४० मिमी कव्हर गेलं की रिंगेचा बाहेरचा व्यास ३७० मिमी उरतो, आणि सळईच्या मध्यरेषेवर मोजलं तर ३६२. त्याचा घेर १.१३७ मीटर. पण तेवढी सळई कापून वाकवली तर टोकाला टोक भिडेल एवढंच. ती धरून ठेवायला टोकं एकमेकांवरून पुढे जावी लागतात आणि दोन्ही टोकांचे हुक उभ्या सळईला वळसा घालून गाभ्यात शिरावे लागतात. भूकंपाच्या मानकानुसार हुक १३५ अंशांत वळलेला हवा आणि वळणानंतर किमान ६५ मिमी सरळ शेपूट हवी. वळणासह एका हुकाला साधारण ११० मिमी सळई जाते. टोकांचा एकमेकांवरचा चढाव १५० मिमी धरला, तर कापायची लांबी १.५१ मीटर होते. बऱ्याच बार बेंडिंग याद्यांत घेर अधिक दोन हुकांना सरसकट १६० मिमी एवढंच धरतात आणि १.३० मीटर लिहितात. फरक फक्त एकवीस सेंटिमीटरचा दिसतो. पण तो काढला जातो नेमका रिंग बंद ठेवणाऱ्या भागातून.

रिंगा १५० मिमी अंतरावर धरल्या, तर ३ मीटरमध्ये २१ बसतात. ८ एमएमचं वजन मीटरमागे ०.३९५ किलो, म्हणून सगळ्यांचं वजन १२.५ किलो. भाराच्या साध्या नियमाने अंतर २५० मिमीपर्यंतही चाललं असतं, कारण सर्वांत बारीक उभ्या सळईच्या सोळा पट, खांबाचा व्यास आणि ३०० मिमी यांतलं कमीत कमी ते धरायचं असतं. बीमच्या जाडीत जाणाऱ्या तीन रिंगा या २१ मध्ये नाहीत. पुष्कळ साइटवर त्या खांबातही नसतात, कारण बीमच्या सळयांच्या गर्दीत त्या सरकवणं जिकिरीचं असतं.

आता स्पायरल. इथे आणखी एक लहानसं कोडं असतं. वेटोळं तिरकं चढतं, मग त्याची लांबी वर्तुळाच्या घेराहून बरीच जास्त असणार, असं वाटतं. एका फेऱ्याला ५० मिमी चढ, म्हणजे पिच ५० मिमी, असा धरू. घेर ११३७ मिमी आणि चढ ५० मिमी यांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला, तर ११३८ मिमी येतो. फक्त एक मिलिमीटर जास्त! म्हणून फेऱ्यांच्या संख्येला घेराने गुणलं की काम भागतं. ३ मीटरमध्ये ६० फेरे होतात. शिवाय मानक सांगतं, की स्पायरलचं प्रत्येक टोक दीड फेरा जास्तीचा देऊन पक्कं करावं. म्हणून ६३ फेरे. लांबी ७१.७ मीटर, वजन २८.३ किलो. ८ एमएम सळई गुंडाळीतून आली, तर एवढ्यावर भागतं. १२ मीटरचे तुकडे जोडायचे तर प्रत्येक जोडाला ४०० मिमीचा लॅप धरा, म्हणजे आणखी एक किलोच्या आसपास.

रिंगांचा खांब एकूण ६६ किलो लोखंडाचा, स्पायरलचा ८२ किलोचा. ५० मिमी पिचचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. आयएस ४५६ मध्ये एक कलम आहे: स्पायरलच्या खांबाची ताकद त्याच मापाच्या रिंगांच्या खांबापेक्षा पाच टक्के जास्त धरायला परवानगी आहे, पण एका अटीवर. स्पायरलचं आकारमान आणि आतल्या गाभ्याचं आकारमान यांचं गुणोत्तर एका ठरावीक मर्यादेच्या खाली जाता कामा नये. ही मर्यादा खांबाचं एकूण क्षेत्रफळ गाभ्याच्या कितीपट आहे, यावर आणि काँक्रीट व लोखंडाच्या ताकदीवर ठरते; त्यात स्पायरलच्या लोखंडाची ताकद ४१५ हून जास्त धरता येत नाही. आपल्या खांबासाठी मर्यादा १.०४ टक्के येते. ८ एमएमच्या ५० मिमी पिचचं गुणोत्तर १.०६ टक्के भरतं, म्हणजे ते अगदी काठावर पास होतं. पिच ६० मिमी केलं, की ते ०.८९ टक्क्यावर येतं आणि खांब नापास होतो. पिचची साधी मर्यादा म्हणजे ७५ मिमी आणि गाभ्याच्या व्यासाचा सहावा हिस्सा, यांतलं कमी. ती आपल्या खांबाला ६१ मिमी भरते, म्हणजे ६० मिमीचं वेटोळं त्या नियमात बसतं. पिंजरा पाहून कुणालाही ते छान स्पायरल वाटेल. तरी हिशेबाच्या दृष्टीने तो साधा रिंगांचाच खांब.

मग हे पाच टक्के स्वस्तात पडतात का? खांबाची ताकद काढण्याच्या सूत्राने रिंगांच्या खांबाला सुमारे २,११३ किलोन्यूटन मिळतात. ही ताकद रोजच्या भाराला दीडपट करून तपासतात. त्याचे पाच टक्के म्हणजे १०६ किलोन्यूटन, जवळजवळ ११ टन, आणि त्यासाठी जास्तीचं लोखंड सोळा किलो. आता तेच लोखंड उभ्या सळयांत घालून पाहा. दोन जादा १६ एमएम सळया म्हणजे साडेतेरा किलो, आणि त्यांनी ताकद वाढते १३१ किलोन्यूटन. लोखंड कमी, ताकद जास्त! निव्वळ भारासाठी स्पायरल हा सौदा तोट्याचा आहे, असंच म्हणायला हवं. पाच टक्क्यांच्या आमिषाने स्पायरल निवडणारा डिझायनर मला अजून पटलेला नाही. स्पायरलचं खरं काम खांब फुटायला लागल्यानंतर सुरू होतं.

काँक्रीटच्या गाभ्यावर खूप भार आला, की ते आडवं फुगू पाहतं. लाकडी पिंपाला लोखंडी पट्टे जसे आवळून धरतात, तसं कडं त्या फुगण्याला अडवतं. फ्रेंच अभियंता आर्मां कॉन्सिदेर याने विसाव्या शतकाच्या आरंभी वेटोळ्याने आवळलेल्या काँक्रीटवर काम केलं आणि हा विचार बांधकामात रुजवला. १९२८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट, ब्रँटसेग आणि ब्राऊन यांनी त्याला आकडा दिला: काँक्रीटला बाजूने जितका दाब द्याल, त्याच्या साधारण चौपट त्याची उभी ताकद वाढते. कड्याच्या बाहेरच्या कव्हरला मात्र हा दाब मिळत नाही. ते उघडंच असतं. आणि हे कव्हर किती असतं? ४० मिमीचा पातळ थर म्हणून आपण ते सोडून देतो. पण गोल खांबाच्या कडेची जागा मोठी असते. ४५० च्या खांबात ३७० च्या कड्याबाहेर एकूण काँक्रीटचा ३२ टक्के भाग जातो. म्हणजे कव्हर ढासळलं, तर खांबाचं जवळजवळ एक तृतीयांश काँक्रीट गेलं. आयएस ४५६ ची ती अट याच ठिकाणी उपयोगी पडते: कव्हर गेल्यावर जेवढी ताकद हरवेल, तेवढी आवळून धरलेल्या गाभ्याने भरून काढावी, एवढं लोखंड स्पायरलमध्ये असायलाच हवं.

याचा पुरावा कॅलिफोर्नियात ९ फेब्रुवारी १९७१ ला मिळाला. सॅन फर्नांडो भूकंपात सिल्मारचं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय, नुकतंच बांधलेलं, तळमजल्यावर एका बाजूला डोळ्यांना दिसेल इतकं सरकलं. कोपऱ्यांवरच्या खांबांत विरळ रिंगा होत्या. ते खांब फुटले आणि आतलं काँक्रीट विखुरलं. त्याच मजल्यावरच्या स्पायरलच्या खांबांचं कव्हर उडालं, खांब वाकले, पण वेटोळ्याने धरलेला गाभा भार पेलत राहिला. इमारत पुढे पाडावी लागली. पण ती त्या खांबांवर उभी राहिली होती, म्हणूनच ती पाडायला उरली.

म्हणून भूकंपाचं मानक, आयएस १३९२०, खांबाच्या टोकांकडे बारकाईने पाहतं, कारण हादऱ्यात खांब बहुधा तिथेच मोडतो. आपल्या खांबाला वर आणि खाली प्रत्येकी ५०० मिमी लांबीत अंतर ९६ मिमीहून जास्त चालत नाही. एवढंच नाही, त्या भागात कड्यांच्या क्षेत्रफळाचीही अट असते. ८ एमएमच्या रिंगा ९० मिमीवर बांधल्या तरी हिशेब पुरत नाही. एकतर १० एमएम घ्या, नाहीतर ८ एमएम ६० मिमीवर आणा. आणि इथे गंमत होते. १५० मिमी अंतरावर रिंगा स्वस्त पडतात. पण ६० मिमीवर प्रत्येक रिंगेला १.५१ मीटर सळई जाते, तर स्पायरलच्या एका फेऱ्याला १.१४ मीटर. हुक नाहीत, चढाव नाही. तेवढ्या दाट ठिकाणी स्पायरल चौथाई लोखंड वाचवतं, बांधायला सोपं पडतं आणि रिंगेसारखं कुठे उघडतही नाही. ‘स्पायरल महाग’ हे विधान अंतर सांगितल्याशिवाय अर्धवटच असतं.

आता हे सगळं साइटवर कसं ओळखायचं? पिंजरा शटरिंगमध्ये उतरण्याआधीच पाहावं लागतं, आणि त्यासाठी टेपपलीकडे काही लागत नाही. रिंगांचं अंतर एकाच जागी मोजू नका. दहा अंतरं सलग मोजा. १५० ची मागणी असेल, तर दीड मीटर यायला हवं. हुक गाभ्यात शिरलेत की नाही, तेही पाहा. फिटरला काम झपाट्याने उरकायचं असेल, तर तो टोकं नुसती एकमेकांवर ठेवून बायंडिंग वायरने बांधतो, किंवा हुक नव्वद अंशांतच सोडतो. अशी रिंग पिंजऱ्यात अगदी घट्ट वाटते. पण तिची टोकं कव्हरमध्ये असतात, आणि कव्हर उडालं की तीच उलगडते. रिंगांचे जोडही एकाखाली एक, एकाच उभ्या सळईवर नकोत, फिरते ठेवायचे.

स्पायरलची खोड वेगळी आहे. ते स्प्रिंगसारखं असतं. पिंजरा उचलताना ते ताणलं जातं, मधे मोकळं होतं आणि खाली दाटतं. म्हणून मधल्या भागात एक मीटरमध्ये फेरे मोजायचे. ५० मिमी पिचला ते वीस यायला हवेत. सतरा आले, तर पिच ५९ झालं आणि डिझायनरने धरलेले पाच टक्के तिथेच गेले. अशा वेळी मधल्या फटीत सुट्या रिंगा कोंबून काम भागवणारे असतात. पण वेटोळं परत सारखं करून प्रत्येक उभ्या सळईशी बांधणं हाच सरळ उपाय आहे. हा त्रास टाळायला आधीच तीन-चार ठिकाणी पिचच्या खुणा केलेल्या सळया वेटोळ्याला उभ्या बांधून ठेवतात.

पिच जास्तीच दाट झालं, तरी भानगड होते. ५० मिमी पिचमध्ये ८ एमएम सळई गेल्यावर मोकळी फट ४२ मिमीची उरते. २० मिमीची खडी तीतून बाहेर जाते खरी. पण काँक्रीट मधोमध ओतलं जातं आणि कव्हरपर्यंत त्याला वेटोळ्यातून वाट काढत जावं लागतं. व्हायब्रेटरची नीडल थोडी कमी चालली, की शटर काढल्यावर बाहेर मधाच्या पोळ्यासारखी पोकळी दिसते. वरून सिमेंटचा हात फिरवला, की ती झाकली जाते. पिंजरा शटरमध्ये एका बाजूला टेकला, तर एकीकडे ४० चं कव्हर २० होतं आणि दुसरीकडे ६०. गोल खांबात कव्हर ब्लॉक घेराभोवती किमान चार दिशांना आणि उंचीत वारंवार बांधावे लागतात, नाहीतर तो तिरका उभा राहतो.

काँक्रीट झाल्यावर तपासायचंच असेल, तर कव्हर मीटरने लोखंड कुठे आहे आणि किती आत आहे, ते शोधता येतं. रिंगा १५० मिमीवर असतील, तर यंत्र एकेक रिंग स्पष्ट दाखवतं. ५० मिमी पिचच्या स्पायरलमध्ये मात्र शेजारचे फेरे एकमेकांत मिसळून दिसू लागतात, आणि फेऱ्यांची खात्रीशीर मोजणी अवघड होते. म्हणून पिंजऱ्याचे फोटो टेप लावून, प्रत्येक खांबाचा क्रमांक फ्रेममध्ये घेऊन काढून ठेवा, आणि बिलावर ‘८ एमएम स्पायरल’ एवढंच न लिहिता पिच, फेऱ्यांची संख्या आणि वजन वेगवेगळं लिहून घ्या.